सुट्टीतली पंधरा मिनिटे आणि एक सरावपत्रिका

रात्रपाळी करून पोलीस शिपाई भरतीची तयारी करणारी अनेक मुले-मुली आणि त्यांचे पालक एकच प्रश्न विचारतात : कामाच्या सुट्टीत केलेल्या अभ्यासाचा खरेच काही उपयोग होतो का? उत्तरासाठी वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावच्या एका मुलाची गोष्ट सांगतो. गोष्ट रचलेली आहे, म्हणून मुलाला नाव दिलेले नाही. परीक्षेचा आराखडा आणि गणिते मात्र खरी आहेत.

हा मुलगा बारावी झालेला. कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये रात्री दहा ते सकाळी सहा कामाला जातो. सरकी वेगळी होते, रुई प्रेसमध्ये जाते, गाठी बांधल्या जातात. रुईचे तंतू हवेत उडत असतात आणि केसांना, कपड्यांना, कागदालाही चिकटतात. रात्री दोन वाजता अर्धा तास सुट्टी असते. पंधरा मिनिटे डबा खाण्यात जातात, उरलेली पंधरा त्याची स्वतःची.

सुरुवातीला या वेळात तो नवा धडा उघडायचा. पण पहाटेच्या आधीचे हे दोन-तीन तास शरीर सर्वांत मंद असण्याचे. ओळ दोनदा वाचली तरी डोक्यात शिरत नसे. मग त्याने कामाची वाटणी बदलली. प्रश्न सोडवायचे संध्याकाळी, ताज्या डोक्याने. सुट्टीत फक्त उत्तरे तपासायची.

पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत 100 प्रश्नांना 90 मिनिटे मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. त्या हिशेबाने 20 प्रश्नांच्या सरावपत्रिकेला 18 मिनिटे. निघण्याआधी तो घड्याळ लावून ती सोडवतो. ज्या उत्तराची खात्री नाही, त्यापुढे तेव्हाच प्रश्नचिन्ह करतो. हे चिन्ह तपासण्याच्या आधीच पडले पाहिजे, कारण उत्तर दिसल्यावर प्रत्येकाला वाटते की आपल्याला ते येतच होते.

एका रात्री 20 पैकी 13 उत्तरे जुळली. पण त्या 13 मधल्या चारांपुढे प्रश्नचिन्ह होते. म्हणजे पक्की येणारी नऊच. अंदाजाने बरोबर आलेले उत्तर गुण मिळवून देते, पण पुढच्या वेळी ते साथ देईल याची हमी नसते. म्हणून वहीत त्याने 13 नव्हे, 9 लिहिले.

चुकलेल्या सातांत एक गणित होते. दोन वस्तू प्रत्येकी 990 रुपयांना विकल्या. एकीवर 10 टक्के नफा, दुसरीवर 10 टक्के तोटा. एकूण काय झाले? त्याचे उत्तर होते, ना नफा ना तोटा. उत्तरसूचीत होते, 1 टक्का तोटा. त्याने खालचे स्पष्टीकरण वाचले, समजले म्हणून मान हलवली आणि पुढे गेला. चार दिवसांनी आकडे बदलून तेच गणित आले आणि त्याने पुन्हा तेच चुकीचे उत्तर लिहिले.

बहुतेकांचा अभ्यास इथेच गळतो. दुसऱ्याने सोडवलेले गणित वाचून समजणे वेगळे आणि कोऱ्या कागदावर स्वतः सोडवणे वेगळे. दुसऱ्यांदा चुकल्यावर त्याने पद्धत बदलली. उत्तरसूचीतून फक्त बरोबर-चूक पाहायचे, स्पष्टीकरण घडी घालून झाकायचे आणि चुकलेले गणित आधी स्वतः पुन्हा करायचे. पंधरा मिनिटांत अशी तीनच गणिते होतात. तीन पुरतात, बाकीची दुसऱ्या दिवशी.

या वेळी त्याने 990 रुपयांच्या त्याच गणितात आधी खरेदीची किंमत काढली. नफ्याची वस्तू 900 ला घेतलेली, तोट्याची 1100 ला. एकूण खरेदी 2000, विक्री 1980. तोटा 20 रुपये, म्हणजे 1 टक्का. चूक कुठे होती ते आता त्याला दिसले. विक्री सारखी म्हणून दोन्हीकडचे 10 टक्के सारखे असे त्याने धरले होते. पण ते टक्के वेगवेगळ्या खरेदीवरचे होते. वहीत त्याने एकच ओळ लिहिली : ‘टक्के कशावर? खरेदीवर.’

चुकांच्या वहीत अशीच ओळ हवी. ‘लक्ष दिले नाही’ असे लिहून काही हाती लागत नाही, कारण त्यातून उद्या काय करायचे ते कळत नाही. सूत्र आठवले नाही, प्रश्न अर्धवट वाचला, बेरीज चुकली की वेळ संपला, हे नेमके लिहायचे. पंधरा दिवसांच्या नोंदींत एकच कारण वारंवार दिसले, तर पुढच्या आठवड्याचा अभ्यास त्यानेच ठरतो. चुकलेले गणित तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी, जुने उत्तर न पाहता, पुन्हा सोडवायचे.

कधीकधी उत्तरसूचीच चुकलेली असते. एक माणूस काम 12 दिवसांत करतो, दुसरा 6 दिवसांत, तर दोघे मिळून किती दिवसांत करतील? मुलाचे उत्तर 4 होते, सूचीत 9 छापले होते. तो आपले उत्तर खोडायला निघाला. शेजारी डबा खात बसलेले काका म्हणाले, “एकटा सहा दिवसांत करते, तं दोघायले नऊ कसे लागतीन रे?” मुलाने पडताळा घेतला. चार दिवसांत पहिल्याचे एक तृतीयांश काम होते आणि दुसऱ्याचे दोन तृतीयांश. मिळून काम पूर्ण. उत्तर 4 बरोबरच होते. उत्तर जुळले नाही की आधी ते प्रश्नात घालून पाहावे, मगच खोडरबर हातात घ्यावे.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. सुट्टीत नवा विषय शिकता येत नाही. यंत्राजवळ उभे राहून कागद पाहायचा नाही, तिथे हात जाऊ शकतो. झोप तोडून अभ्यास वाढवायचा नाही. भरतीत मैदानी चाचणी आधी होते आणि तिचे 50 गुण असतात. रात्रभर जागून सकाळी तसेच धावायला जाण्यापेक्षा झोप पूर्ण करून संध्याकाळी धावावे. लेखी परीक्षेची तारीख जवळ आली की दोन आठवडे तरी दिवसपाळी किंवा सुट्टी मागून पाहावी आणि परीक्षेच्या वेळेलाच पूर्ण 100 प्रश्न सोडवावेत. नेहमी रात्री जागणारे शरीर दिवसा पेपरला अचानक तरतरीत होत नाही.

पालकांकडून एवढीच अपेक्षा : मुलगा सकाळी घरी आला की त्याला निदान सात तास झोपू द्या. खिडकीला जाड चादर लावा, कामे दुपारनंतर सांगा. आणि किती पाने झाली हे विचारू नका, कारण पाने वाढवणे फार सोपे असते.

गोष्टीतल्या आईने हे आपणहून हेरले. संध्याकाळी चहा देताना ती विचारते, “आज काय चुकलं रे?”

“टक्के कशावर काढाचे, ते.”

“मंग कशावर काढाचे?”

“खरेदीवर, माय.”

आईला गणित येत नाही. पण तिला सांगताना त्याला उत्तर न पाहता बोलावे लागते. दहाव्या दिवशी ते गणित पुन्हा समोर आले, तेव्हा त्याने आधी दोन्ही वस्तूंची खरेदी लिहिली. उत्तरापुढे प्रश्नचिन्ह केले नाही.