डाळिंबाचं बी गिळलं तर चालतं का?

प्रश्न : घरात डाळिंब सोललं की आमच्यात दोन तट पडतात. सासूबाई दाण्यांचा रस चोखून बी टाकून देतात आणि मुलांनाही तसंच करायला लावतात. बी पोटात गेलं की अपेंडिक्स होतं, असं त्या म्हणतात. मी मात्र दाणे बियांसकट खाते. बरोबर कोण?

उत्तर : निरोगी माणसानं बियांसकट खायला काहीच हरकत नाही. खरं तर डाळिंबाचा अख्खा दाणा हेच बी. लाल, रसाळ भाग हे त्या बीचं बाहेरचं आवरण आणि दाताखाली कुरकुरतं ते आतलं. हे आतलं आवरण सेल्युलोज आणि लिग्निनचं असतं. ते आपल्याला पचत नाही. चोथा म्हणून शौचावाटे बाहेर पडतं. शौचात अख्ख्या बिया दिसल्या तर पचन बिघडलं असं समजू नका.

वाटीभर, म्हणजे साधारण १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ४ ग्रॅम चोथा असतो आणि त्यातला बराचसा बियांतच असतो. म्हणजे बी थुंकलं की चोथा गेला, हाती फक्त गोड रस उरला. बीमध्ये थोडं तेलही असतं, पण अख्खं बी गिळलं तर ते आतच कोंडून राहतं. म्हणून गिळण्यापेक्षा चावून खाणं चांगलं. गणेश, भगवा यांसारख्या जातींचं बी मऊ असतं, ते सहज चावलं जातं.

अपेंडिक्समध्ये फळाचं बी अडकल्याची उदाहरणं आहेत, पण ती फार विरळ. बहुतेक वेळा तिथला मार्ग घट्ट मळाच्या खड्यानं किंवा आतल्या सुजेनं बंद होतो. त्या भीतीनं डाळिंब सोडायचं कारण नाही.

सासूबाईंची काळजी एका बाबतीत मात्र रास्त आहे. मुलांनी एका बैठकीत न चावता भरपूर दाणे खाल्ले, त्यात पाणी कमी प्यायलं आणि आधीच बद्धकोष्ठ असलं, तर बिया गुदाशयात साचून त्यांचा घट्ट गोळा होऊ शकतो. कुंथूनही शौचाला होत नाही, दुखतं, किंवा गोळ्याच्या कडेनं नुसतं पातळ पाझरत राहतं, ही त्याची खूण. अशा वेळी घरगुती जुलाब न देता डॉक्टरांकडे जा. आतड्याचा मार्ग अरुंद झालेल्यांनी किंवा आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनीही बिया खाण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

अगदी लहान मुलांना तर दाणा घशात किंवा श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. नीट चावता येईपर्यंत त्यांना गाळलेला रसच द्या. बाकी सगळ्यांनी वाटीभर दाणे चावून, बियांसकट खुशाल खावेत.