कढईपाशी बसून विचारायचे प्रश्न : ‘असं झालं तर?’



आपल्या जामनेर तालुक्यात केळी वेफर्स करणारे गट आता बरेच झालेत. मागच्या महिन्यात अशाच एका गटाच्या शेडमध्ये मी गेले होते. वीस लिटर तेलाची कढई, खाली गॅसची भट्टी, बाजूला 19 किलोचे दोन सिलेंडर आणि मागच्या भिंतीला पॅकिंगच्या पिशव्यांच्या थप्प्या. काम एकदम नीटनेटकं. मी सहज विचारलं, “ताई, या कढईला आग लागली तर गॅस कुठून बंद करणार?” तळणाऱ्या ताईंनी बोट दाखवलं. भट्टीची चावी कढईच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला होती. म्हणजे आग लागली तर जळत्या कढईवरून हात घालूनच गॅस बंद करावा लागला असता! दोन वर्षं रोज तिथे काम चाललं होतं, पण हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्याच दिवशी आम्ही सगळ्या चटईवर बसलो आणि दीड तासात दोन तक्ते तयार केले. मोठ्या कारखान्यांत धोका शोधायच्या ज्या पद्धती असतात, त्यांतल्या या दोन सोप्या आहेत. पहिलीचं नाव ‘व्हॉट-इफ’, म्हणजे ‘असं झालं तर?’. दुसरीचं नाव ‘एफएमईए’, म्हणजे एकेक वस्तू कशी बिघडते आणि बिघडली तर काय होतं याचा तक्ता. दोन्हींना लागतं काय? कागद, पेन आणि तिथे रोज काम करणाऱ्या बाया.

पहिला तक्ता : असं झालं तर?

आधी कामाचे टप्पे पाडायचे. आमचे पाच निघाले : केळी सोलून पाण्यात टाकणं, किसणीने कढईवर पाडणं, तळणं, निथळणं आणि पॅकिंग. मग एकेका टप्प्यावर थांबून प्रत्येकीने ‘...तर?’ असा प्रश्न विचारायचा. इथे एक नियम कडक पाळायचा : प्रश्न गोळा होत असताना उत्तर द्यायचं नाही. “असं कधी होतच नाही” असं एकीने म्हटलं की बाकीच्या गप्प होतात आणि कामाचा प्रश्न पोटातच राहतो. टप्पे संपले की आणखी तीन प्रश्न ठरलेले : लाईट गेली तर? रोजची बाई आली नाही आणि नवी आली तर? घाई असली तर?

आमचे एकूण बावीस प्रश्न झाले. त्यांतले तीन इथे सविस्तर सांगते.

*तळणारी बाई गिऱ्हाइकाशी बोलायला बाहेर गेली आणि तेल तापतच राहिलं तर?* वेफर्स साधारण 170 ते 180 अंशांवर तळले जातात. ताजं पामतेल 220-230 अंशांच्या आसपास धूर सोडायला लागतं. पुन्हा पुन्हा वापरलेलं तेल त्याआधीच धुरतं. तरी आच चालूच राहिली तर साडेतीनशे अंशांच्या पुढे-मागे तेल आपोआप पेटतं, त्याला ठिणगीही लागत नाही. म्हणजे धूर ही शेवटची सूचना असते, आणि ती बघायला तिथे कोणीच नसतं. म्हणून नियम ठरला : जागा सोडायची तर आधी चावी बंद, “दोन मिनिटांत येते” असलं तरी.

*कढई पेटली आणि घाबरून कोणी पाणी ओतलं तर?* पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं आणि क्षणात वाफ होतं. पाण्याची वाफ झाली की ते जवळजवळ सतराशे पट फुगतं. ती वाफ जळतं तेल उडवून छपरापर्यंत नेते. पाणी न निथळता केळी कढईत पाडली की तेल उसळतं, त्याचं कारणही हेच. आग विझवायची तर गॅस बंद करून झाकण ठेवायचं, म्हणजे हवा तुटते. मग तेल पूर्ण गार होईपर्यंत झाकण उचलायचं नाही. लवकर उचललं तर हवा मिळून ते पुन्हा पेटतं. मी विचारलं, “झाकण कुठाय?” तर त्या कढईला बसणारं झाकण शेडमध्ये नव्हतंच! दुसऱ्या दिवशी फॅब्रिकेशनवाल्याकडून लांब दांड्याचं लोखंडी झाकण बनवून घ्यायचं ठरलं.

*आग आपल्या आणि दाराच्या मध्ये असली तर?* हा प्रश्न विचारला तो हिशेब लिहिणाऱ्या ताईंनी. त्या मागे बसून पॅकिंगही करतात. मागे एक दार होतं, पण त्याला पिशव्यांच्या थप्प्या लावलेल्या. 7 जून 2021 ला पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यातल्या उरवडे इथे पाणी शुद्ध करायचं रसायन बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. त्यात 17 कामगार गेले, आणि त्यांतल्या 15 बाया होत्या. ते मी सांगितलं आणि कोणी काही बोलायच्या आत दोघी उठून थप्प्या हलवायला लागल्या.

प्रत्येक प्रश्नापुढे पाच गोष्टी लिहायच्या : काय होईल, आज आपल्याकडे त्यावर काय आहे, काय करायला हवं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. शेवटचे दोन रकाने रिकामे राहिले तर तक्ता फक्त भिंतीला शोभा देतो.

दुसरा तक्ता : वस्तू कशी बिघडते?

पहिल्या तक्त्यात आपण कामापासून सुरुवात केली. इथे वस्तूपासून करायची. 1949 साली अमेरिकेच्या लष्करात ही पद्धत लिहून काढली गेली, नंतर अंतराळयानांसाठी वापरली गेली. आपण ती फक्त सिलेंडरपासून बर्नरपर्यंतच्या गॅसच्या रस्त्याला लावली. सगळ्या शेडला लावायला बसलो असतो तर दिवस पुरला नसता.

एकेका वस्तूला तीन आकडे द्यायचे, 1 ते 10 मधले. पहिला आकडा गंभीरपणाचा : बिघाड झाला तर किती नुकसान? दुसरा वेळा : असं किती वेळा होऊ शकतं? तिसरा कळण्याचा : नुकसान व्हायच्या आधी आपल्याला कळेल का? हा तिसरा उलटा चालतो. लगेच कळत असेल तर 1, कळणारच नसेल तर 10. मग तिन्हींचा गुणाकार करायचा.

| वस्तू आणि बिघाड | गंभीर | वेळा | कळणं | गुणाकार |
|---|---|---|---|---|
| बर्नरचं छिद्र चोंदलं, आच पिवळी | 4 | 6 | 2 | 48 |
| रेग्युलेटर आतून खराब | 8 | 2 | 6 | 96 |
| क्लॅम्प सैल | 9 | 3 | 4 | 108 |
| रबरी नळीला चीर | 9 | 4 | 7 | 252 |

बायांची जास्त तक्रार होती बर्नरची, कारण तो रोज त्रास देतो. पण तो बोलून दाखवतो : आच पिवळी होते, कढई काळी पडते. तक्त्यात वर आली ती नळी, कारण ती गुपचूप बिघडते. भट्टीची धग लागून रबर कडक होतं, वाकते तिथे बारीक चिरा पडतात, कधी उंदीर कुरतडतो. गॅस हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीलगत पसरतो आणि नाक असतं वर. गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो हे खरं, पण तळणाच्या वासात तो दबतो, आणि सतत घेतलेला वास थोड्या वेळाने नाकाला कळेनासा होतो. म्हणून ‘कळणं’ला 7 दिले.

उपाय ठरले ते असे. आयएसआय खुणेची, आतून तारेची जाळी असलेली नळी घ्यायची आणि ती भट्टीच्या धगीपासून लांबून न्यायची. ती बदलायची तारीख रंगाने भिंतीवर लिहायची. दर सोमवारी काम सुरू करायच्या आधी नळी वाकवून चिरा बघायच्या आणि सांध्यांना साबणाचा फेस लावायचा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून कधीच बघायचं नाही. मग पुन्हा आकडे दिले : गंभीरपणा 9, वेळा 2, कळणं 3. गुणाकार 54.

इथे एका ताईने छान विचारलं, “गंभीर अजून 9 च कसं? आपण तर एवढं केलं.” खरंय. तपासल्याने गळती कमी वेळा होईल आणि लवकर कळेल. पण झालीच आणि पेट घेतलाच, तर नुकसान तेवढंच. ते कमी करायचं तर मांडणीच बदलावी लागते. म्हणून सिलेंडर शेडच्या बाहेर, जाळीच्या कपाटात न्यायचे आणि तिथेच बंद करायची मुख्य चावी बसवायची असं ठरलं. कढईमागच्या चावीचा प्रश्नही त्यातच सुटला.

हे तक्ते काय सांगत नाहीत

आकडे हे आपले अंदाज आहेत, वजनकाट्यावरचं माप नाही. 9×2×3 चे 54 होतात आणि 3×6×3 चेही 54 च. पण पहिल्यात माणूस जाऊ शकतो, दुसऱ्यात घाणा वाया जातो. म्हणून गंभीरपणात 9 किंवा 10 असेल, तर गुणाकार कितीही लहान असो, ती ओळ आधी बघायची.

दुसरं, एफएमईए एका वेळी एकच बिघाड बघतो. लाईट गेली, पंखा बंद पडला, अंधारात नवी मुलगी कढईपाशी एकटी, असं तिन्ही एकदम झालेलं त्या तक्त्यात येत नाही. ते ‘असं झालं तर?’ मध्ये येतं, पण कोणीतरी विचारलं तरच. म्हणून बैठकीला फक्त अध्यक्ष-सचिव बसून चालत नाही. झाडू मारणारी, पॅकिंगवाली, नवीन आलेली, सगळ्या हव्यात.

तिसरं, ज्या युनिटमध्ये रसायनं, बॉयलर किंवा दाबाखालची टाकी आहे, तिथे एवढ्यावर भागत नाही. तिथे जाणकार माणूस बोलवायलाच हवा.

पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीला प्रत्येक युनिटने आपले निदान दहा ‘...तर?’ लिहून आणावेत. वेफर्स, पापड, मिरची कांडप, डाळ मिल, काहीही असो. आणि नवी मशीन आली, नवी बाई आली किंवा जागा बदलली, की तक्ता पुन्हा काढायचा. परवा त्या शेडमध्ये परत गेले तेव्हा झाकण कढईच्या उजव्या हाताला टांगलेलं होतं आणि मागचं दार उघडं होतं. सिलेंडर मात्र अजून आतच आहेत. त्या रकान्यात तारीख लिहिलेली आहे. त्या दिवशी मी पुन्हा जाणार आहे.

— तुमची क्षेत्र समन्वयक, जामनेर