विषुववृत्तापलीकडून येणारा वाऱ्याचा झोत आणि परभणीतील पावसाचा खंड

आषाढात परभणी, पूर्णा, जिंतूर भागात एक अनुभव नेहमी येतो. पश्चिमेचा वारा दिवसभर भणभणतो, ढग पळत राहतात, पण शिवारात थेंब पडत नाही. म्हातारी माणसे म्हणतात, "वाऱ्याने पाऊस नेला." हे म्हणणे अर्धे खरे आहे. पाऊस वाराच आणतो. मात्र आणलेली वाफ इथे उतरवायला आणखी काही लागते, आणि ते नसले की नुसता वारा वाहतो. शेतकरी बंधूंनो, हा वारा कोठून निघतो आणि मधेच का ढिला पडतो, ते या लेखात पाहू.

विषुववृत्ताच्या दक्षिणेस, मॉरिशस बेटांच्या आसपास, जून ते सप्टेंबरमध्ये तिकडचा हिवाळा असतो. थंड, जड हवेमुळे तेथे हवेचा दाब जास्त राहतो. या पट्ट्याला 'मास्करेन उच्च दाब' म्हणतात. त्याच वेळी राजस्थान-पाकिस्तानची भूमी तापून तेथे दाब कमी झालेला असतो. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे हवा निघते, ती आग्नेयेकडून मादागास्करच्या उत्तर टोकावरून केनियाच्या किनाऱ्याकडे येते. तेथे पूर्व आफ्रिकेची उंच पठारे बांधासारखी आडवी उभी आहेत. पाटाचे पाणी बांधाला लागून जसे जोराने धावते, तशी ही हवा डोंगरांच्या कडेने दाटून विषुववृत्त ओलांडते. उत्तर गोलार्धात आल्यावर पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती उजवीकडे वळते आणि सोमालियाच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रात शिरून नैऋत्य वारा बनते. अरब दर्यावर्दी याच वाऱ्यावर शिडाची गलबते आपल्या किनाऱ्याला आणीत. 'मोसमी' हा शब्दही अरबी 'मौसिम'वरूनच आला.

हा झोत जमिनीलगत सर्वांत जोराचा नसतो. त्याचा गाभा एक ते दीड किलोमीटर उंचीवर असतो. सोमालियाजवळ त्याचा वेग कधी कधी ताशी 100 किलोमीटरच्याही वर जातो. ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ जॉन फिंडलेटर यांनी 1969 मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याला फिंडलेटर किंवा सोमाली झोत म्हणतात. त्याआधी 1966 मध्ये पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन या भारतीय शास्त्रज्ञांनी दक्षिण भारतावर जुलैमध्ये असा झोत असतो हे दाखविले होते. दक्षिणेकडून आणलेल्या वाफेत अरबी समुद्रावरील बाष्पीभवनाची भर पडते आणि हा भरलेला वारा सह्याद्रीला धडकतो. वर चढताना तो कोकणात आणि घाटमाथ्यावर बरसतो. डोंगर उतरून आपल्याकडे येताना हवा खाली दबते, थोडी तापते आणि ढग विरतात. आपल्याला वारा मिळतो, पाऊस नाही, त्याचे कारण हे.

मग परभणीला पाऊस कधी पडतो? झोताचा गाभा जिथून जातो तिथे वारा जोराचा असतो आणि त्याच्या उत्तरेस तो मंद होत जातो. ओढ्याच्या मध्यधारेच्या कडेला पान टाकून पाहा. एका बाजूने जोर जास्त, दुसऱ्या बाजूने कमी, म्हणून ते गरगर फिरते. झोताच्या उत्तर बाजूला हवाही अशीच, घड्याळाच्या काट्यांच्या उलट, फिरू लागते. फिरणारी हवा आत जमते आणि वर चढते. पाऊस जोरात असताना झोताचा अक्ष साधारण साडेबारा ते साडेसतरा अंश उत्तर अक्षांशांतून, म्हणजे ढोबळमानाने बंगळूर ते सोलापूर या पट्ट्यातून जातो. परभणी सव्वाएकोणीस अंशांवर आहे, म्हणजे झोताच्या नेमक्या उत्तर कुशीत. त्यातच बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे क्षेत्र पश्चिमेकडे सरकले की मराठवाड्यात दमदार पाऊस होतो.

आता झोत का वाढतो आणि का घटतो? मास्करेनचा दाब आणि भूमीचे तापणे हे त्याचे मूळ खरे, पण हंगामातील चढउतार नुसत्या त्यावरून कळत नाहीत. जोसेफ आणि एस. सिजीकुमार यांनी 2004 मध्ये दाखविले की, बंगालच्या उपसागरावर ढगांची दाटी वाढली की दोन-तीन दिवसांनी झोत जोर धरतो. वाफेचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते. तिने तिथली हवा वर चढते आणि खालून नवी हवा ओढून घेते. पंप चालू झाल्यावर पाइपात जशी ओढ निर्माण होते, तसेच हे आहे. झोत पंपाला वाफ पुरवितो आणि पंप झोताला ओढतो. उपसागरावरचे ढग विरले की पंप थांबतो. मग झोत मध्य अरबी समुद्रातच दक्षिणेकडे वळतो आणि भारताला वळसा घालून अडीच ते साडेसात अंशांतून निघून जातो. त्याची उत्तर कूसही आपल्यापासून लांब जाते. यालाच आपण खंड म्हणतो.

2023 चे साल याचे ठळक उदाहरण आहे. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात अरबी समुद्रातील 'बिपरजॉय' चक्रीवादळाने वारा आणि वाफ स्वतःभोवती ओढून घेतली. मोसमी पाऊस 11 जूनच्या सुमारास दक्षिण कोकणात पोचून अडकला आणि मुंबईत 25 जूनला आला. जुलैत मात्र देशाचा पाऊस सरासरीपेक्षा 13 टक्के जास्त झाला. ऑगस्टमध्ये चित्र उलटले. प्रशांत महासागरात एल निनो होता, ढगांची दाटी पूर्वेकडे सरकली होती. मोसमी वाऱ्यांचा आस हिमालयाच्या पायथ्याला जाऊन बसला. हिमाचलात दरडी कोसळत होत्या आणि मराठवाड्यात सोयाबीन फुलोऱ्यात-शेंगांत असताना माना टाकत होते. देशात 36 टक्के तूट आली, 1901 पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले आणि पाऊस परतला. त्या महिन्यात तो पुन्हा 13 टक्के जास्त झाला, पण ज्या शेंगा गळाल्या त्या भरल्या नाहीत.

एल निनो म्हटला की दुष्काळच, असे मात्र समजू नये. 1997 मध्ये एल निनो फार तीव्र होता, तरी देशाचा पाऊस सरासरीइतका झाला. उलट 2002 मध्ये मध्यम एल निनोतही जुलैचा पाऊस जवळपास निम्म्यावर आला. त्या हंगामात उपसागरात एकही तीव्र कमी दाबाचे क्षेत्र, ज्याला डिप्रेशन म्हणतात, तयार झाले नाही. पंपच सुरू झाला नाही, मग झोत ओढणार कोण?

हवामान बातमीपत्र ऐकताना म्हणून दोन गोष्टींकडे कान द्यावा. 'आस हिमालयाच्या पायथ्याशी' आणि 'उपसागरात कोणतीही प्रणाली नाही' असे एकत्र ऐकू आले, तर आठवडाभर तरी मोठ्या पावसाची आशा धरू नये. 'वायव्य उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण होण्याची शक्यता' असे ऐकले तर दोन-चार दिवसांत वारा आणि ढग यांत फरक पडू लागतो. अर्थात ते क्षेत्र ओडिशातून सरळ उत्तरेकडे वळले तर आपला वाटा हुकतो. भारत हवामानशास्त्र विभाग दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांचा अंदाज देतो. त्यातील पहिले दोन आठवडे कामाचे, पुढचे फक्त कल समजण्यापुरते घ्यावेत.

खंडाची चिन्हे दिसताच, जमिनीत ओल असतानाच, हलकी कोळपणी करावी. भेगा बुजतात आणि ओल उडण्याचे प्रमाण कमी होते. खंड लांबल्यास सोयाबीन व कपाशीवर पोटॅशियम नायट्रेट (13:00:45) 100 ग्रॅम प्रति 10 लिटर पाणी या प्रमाणात फवारावे. विहिरीत थोडेच पाणी असेल तर ते शेंगा भरण्याच्या वेळेसाठी राखून तुषार सिंचनाने द्यावे. जूनमध्ये नुसत्या वळवाच्या सरीवर किंवा चक्रीवादळाच्या ढगांवर तिफण धरू नये. 75 ते 100 मि.मी. पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्यावर, वाफसा येताच पेरावे.