अर्थच्या तारेने माणूस वाचतो कसा?

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. गीझरच्या धातूच्या टाकीला अर्थची तार जोडलेली असते. विजेला सोपी वाट मिळते, म्हणून माणसाला शॉक बसत नाही, असं सगळे सांगतात. पण समांतर जोडणीत प्रत्येक वाटेने थोडा तरी प्रवाह जातोच. मग माणसातून तो का जात नाही?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. माणसातूनही प्रवाह जातो. प्रश्न असतो तो किती वेळ जातो याचा.

आधी अर्थ नसलेला गीझर घेऊ. आतली फेजची तार सुटून टाकीला चिकटली, की टाकीवर २३० व्होल्ट येतात. ओल्या हाताच्या माणसाचा रोध १५०० ओहम धरला, तर त्याच्यातून साधारण ०.१५ अँपिअर प्रवाह जातो. एवढा प्रवाह जीव घेऊ शकतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला मात्र त्याचा पत्ताही लागत नाही.

आता अर्थ जोडा. ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल जमिनीत पुरलेला असतो, आणि बिघाडाचा प्रवाह शेवटी तिथेच परततो. जमीन त्याला गिळून टाकत नाही. मोठ्या इमारतीत अर्थची तार थेट त्या न्यूट्रलपर्यंत गेलेली असेल, तर जातानाची फेज अर्धा ओहम आणि येतानाची अर्थ अर्धा ओहम, असा मिळून एक ओहम धरू. प्रवाह होतो २३० अँपिअर. घरातला नेहमीचा ‘सी’ प्रकारचा एमसीबी दहा पट प्रवाहाला, म्हणजे १६० अँपिअरला, नक्की लगेच पडतो. तेवढ्या क्षणापुरते टाकीवर ११५ व्होल्ट असतात, माणसाला झटकाही बसू शकतो. पण सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास सगळं बंद होतं. अर्थची तार स्वतः ढाल होत नाही. ती प्रवाह इतका वाढवते की एमसीबीला पडावंच लागतं.

म्हणूनच ‘अर्थ आहे ना’ एवढ्यावर मी कधी विसंबत नाही. स्वतंत्र घराच्या परसात अर्थिंगचा खड्डा असतो. उन्हाळ्यात तो वाळतो आणि त्याचा रोध २० ओहमवर गेला, असं समजा. डीपीकडचा आणि तारांचा एक ओहम धरून प्रवाह उरतो जेमतेम ११ अँपिअर. एमसीबी पडत नाही. ११ गुणिले २० म्हणजे २२० व्होल्ट टाकीवर तसेच बसून राहतात. तार दिसते, जोडलेलीही असते, आणि टाकी मात्र जिवंत! मल्टिमीटरही इथे फसवतो. तो जवळजवळ प्रवाहच घेत नाही, त्यामुळे फेज आणि अर्थमध्ये अशा वाईट खड्ड्यावरही २३० व्होल्ट दाखवतो. खरा रोध वायरमनने अर्थ टेस्टरनेच मोजायला हवा.

अशा घरात आरसीसीबी लागतो. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने पुरता परत आला नाही, ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की तो पडतो. त्याच्यासाठी ११ अँपिअर कितीतरी जास्त झाले. फेज टाकीला चिकटताक्षणीच, कुणी हात लावायच्या आधी, तो वीज तोडतो.