गढूळपणा कमी झाला की कमी केला?
(इंग्रजी गोषवारा आटोपशीर करताना एकही विधान न हरवण्याविषयी)

आपल्या वसतिशाळेतून बाहेर पडलेली मुले-मुली आज पुण्यातील निरनिराळ्या महाविद्यालयांत विज्ञान, शेती, अभियांत्रिकी शिकत आहेत. त्यांतील काहींवर महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ या संशोधन स्पर्धेसाठी किंवा एखाद्या नियतकालिकासाठी इंग्रजीत गोषवारा लिहिण्याची वेळ येते. प्रयोग स्वतः केलेला असतो, निष्कर्ष हाती असतो. परंतु गोषवारा लिहून होतो तेव्हा तो ठरलेल्या शब्दमर्यादेत मावत नाही. आय-ट्रिपल-ईच्या नियतकालिकांत ही मर्यादा साधारण १५० ते २५० शब्दांची असते. मग तो कागद घेऊन ही मुले आम्हा माजी विद्यार्थ्यांकडे येतात. गेली काही वर्षे हे काम करताना आम्हांला जे उमगले, ते येथे एका उदाहरणाच्या आधारे मांडीत आहोत. उदाहरण व त्यातील आकडे आम्ही अभ्यासासाठी रचलेले आहेत. मात्र त्यातील प्रत्येक दोष आम्ही खऱ्या कागदांवर पाहिलेला आहे. पालकवर्गाला सोयीचे व्हावे म्हणून इंग्रजी वाक्ये देवनागरीतच छापली आहेत.

शेवग्याच्या बियांची पूड गढूळ पाण्यात ढवळली की मातीचे कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात, हे गुणधर्म म्हणून सर्वज्ञात आहे. एका विद्यार्थिनीने मुठा नदीच्या पाण्यावर हा प्रयोग केला, असे समजू. तिचा गोषवारा असा :

‘इट इज अ वेल नोन फॅक्ट दॅट टर्बिडिटी ऑफ सरफेस वॉटर इज वन ऑफ द मेजर प्रॉब्लेम्स इन रूरल एरियाज. इन द प्रेझेंट स्टडी अॅन अटेम्प्ट हॅज बीन मेड टू कॅरी आउट अॅन इन्व्हेस्टिगेशन ऑफ द इफेक्ट ऑफ मोरिंगा सीड पावडर ऑन द टर्बिडिटी ऑफ वॉटर सॅम्पल्स विच वेअर कलेक्टेड फ्रॉम द मुठा रिव्हर. इट वॉज ऑब्झर्व्ड दॅट अ सिग्निफिकंट रिडक्शन इन टर्बिडिटी वॉज अचीव्हड व्हेन अ डोस ऑफ १०० मिलिग्रॅम पर लिटर वॉज यूज्ड अँड द टर्बिडिटी वॉज फाउंड टू बी रिड्यूस्ड फ्रॉम ६० टू ९ युनिट्स इन टू अवर्स. हाउएव्हर नो रिडक्शन वॉज सीन इन द सॅम्पल्स इन विच द इनिशियल टर्बिडिटी वॉज लेस दॅन १० युनिट्स. दस इट कॅन बी कन्क्लूडेड दॅट मोरिंगा सीड पावडर मे बी यूज्ड अॅज अ रिप्लेसमेंट फॉर अॅलम.’

इंग्रजीत हे १२६ शब्द होतात. व्याकरणाची चूक एकही नाही. तरीही वाचणारा दमतो, कारण जवळजवळ प्रत्येक वाक्यात खरे क्रियापद ‘वॉज’ आणि ‘बीन’ यांच्या गर्दीत दडलेले आहे. ही सवय आपल्या मुलांना कोठून लागते? मराठीतून लागते असे पुष्कळ जण म्हणतात. आम्हांला ते पूर्णपणे पटत नाही. ‘आम्ही नमुने तपासले’ हा मराठीतील कर्मणी प्रयोग आहे. क्रियापद नमुन्यांप्रमाणे चालते, परंतु ‘आम्ही’ वाक्यात ठामपणे उभे असतो. ‘नमुने तपासले गेले’ या वळणाला आपले व्याकरण ‘नवीन कर्मणी’ म्हणते आणि ते इंग्रजीच्या धर्तीवर मराठीत आले, असेच सांगते. आमच्या मते ही सवय शाळेच्या प्रयोगवहीतून येते. तेथे ‘मी परीक्षानळी तापवली’ असे लिहिणाऱ्याचे गुण जातात. ‘परीक्षानळी तापविण्यात आली’ असे लिहिणाऱ्याचे राहतात. कर्ता दडवला म्हणजे विज्ञान होते, हा समज बारा वर्षे मुरतो. उलट ‘नेचर’सारखी नियतकालिके आपल्या लेखकांना कर्तरी रचनाच वापरण्यास सांगतात.

परंतु म्हणून सरसकट सगळी वाक्ये कर्तरी करून टाकणे हा त्याहून मोठा धोका आहे, आणि या लेखाचा मुख्य मुद्दा तोच आहे. आरंभी आम्हीही तो प्रमाद केला होता. कर्मणी रचनेत कर्ता सांगावा लागत नाही. कर्तरी रचनेत तो सांगावाच लागतो. आणि कर्ता कोण, हे सांगणे म्हणजेच एक नवे विधान करणे होय.

वरील तिसरे वाक्य पाहा. त्यात एवढेच म्हटले आहे की अमुक मात्रा वापरली असता गढूळपणा ६० वरून ९ वर आल्याचे आढळले. उत्साही संपादक त्याचे ‘मोरिंगा सीड पावडर रिड्यूस्ड टर्बिडिटी’ असे करतो. वाक्य सुटसुटीत झाले खरे; पण आता पुडीनेच गढूळपणा कमी केला, असा कार्यकारणाचा दावा त्यात शिरला. बादलीभर गढूळ पाणी दोन तास नुसते ठेवले तरी गाळ खाली बसतोच, हे नळाला पाणी नसलेल्या दिवसांत आपण सर्वांनी पाहिले आहे. विद्यार्थिनीने पूड न घातलेले पाणी शेजारी ठेवून मोजले होते का, हे गोषवाऱ्यात कोठेच नाही. ते कळेपर्यंत पुडीला कर्ता करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

येथे मराठीचाच आधार उपयोगी पडतो. गढूळपणा ‘कमी करण्यात आला’, ‘कमी केला’ आणि ‘कमी झाला’ या तीन वाक्यांतील फरक आपल्या घरातील आजीलाही विचारावा लागत नाही. ‘कमी झाला’ हे कर्तरीच आहे, लहानही आहे, आणि कोणी केला यावर ते मौन पाळते. इंग्रजीत या जागेला ‘फेल’ हे क्रियापद आहे : ‘टर्बिडिटी फेल फ्रॉम ६० टू ९ युनिट्स’. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो की इंग्रजी वाक्य मोडण्यापूर्वी ते मराठीत म्हणा आणि ‘झाला’ की ‘केला’ हे आधी ठरवा.

आमची कामाची रीत साधी आहे. इंग्रजीला हात लावण्यापूर्वी गोषवाऱ्यातील प्रत्येक विधान मराठीत, एका ओळीत एक, असे उतरवून काढतो. वरील गोषवाऱ्यातून अशा सहा ओळी निघतात. ग्रामीण भागातील मोठ्या प्रश्नांपैकी गढूळ पाणी हा एक आहे. मुठेच्या पाण्यावर पूड वापरून पाहिली. १०० मिलिग्रॅम मात्रेला दोन तासांत गढूळपणा ६० वरून ९ वर आला. ही घट ‘सिग्निफिकंट’ आहे. १० पेक्षा कमी गढूळ पाण्यात घट दिसली नाही. आणि पूड तुरटीऐवजी वापरता येणे शक्य आहे. ज्या शब्दांची ओळ निघाली नाही, ते शब्द कापले तरी काही हरवत नाही. ‘इट इज अ वेल नोन फॅक्ट दॅट’, ‘इट वॉज ऑब्झर्व्ड दॅट’, ‘इट कॅन बी कन्क्लूडेड दॅट’ हे तिन्ही तुकडे असे निर्धास्तपणे जातात. ‘कॅरी आउट अॅन इन्व्हेस्टिगेशन ऑफ द इफेक्ट’ याच्या जागी ‘टेस्टेड’ हे एक क्रियापद पुरते, कारण नामात कोंडलेली क्रिया मोकळी झाली की तिच्याभोवतीचे चार-पाच शब्द आपोआप गळतात.

‘अॅन अटेम्प्ट हॅज बीन मेड’ मात्र आम्ही विचारून कापतो. बहुतेक वेळा ती नुसती विनम्रता असते. पण क्वचित प्रयोग अर्धवट राहिलेला असतो आणि ‘प्रयत्न केला’ हेच प्रामाणिक विधान असते. तीच गोष्ट कर्त्याची. ‘वुई टेस्टेड’ लिहिण्यापूर्वी पूड घालून मोजमाप विद्यार्थिनीनेच केले ना, हे विचारावे लागते. दुसऱ्याच प्रयोगशाळेने मोजून दिले असेल तर ‘आम्ही मोजले’ हे असत्य ठरते. नमुने कोणी भरून आणले याला वाचकाच्या दृष्टीने महत्त्व नाही. तेथे ‘कलेक्टेड’ हे कर्मणी रूप खुशाल राहू द्यावे.

‘सिग्निफिकंट’ हा शब्द सर्वांत फसवा. बोलीत त्याचा अर्थ ‘लक्षणीय’, तर संशोधनात ‘संख्याशास्त्रीय कसोटीवर उतरलेला’. विद्यार्थिनीने अशी कसोटी लावलेली नसेल, तर ६० आणि ९ हे आकडेच ‘लक्षणीय’ हा अर्थ पुरेपूर सांगतात आणि शब्द जाऊ शकतो. लावली असेल, तर शब्द ठेवून कसोटीचे नाव द्यावे लागेल. आपल्या अंदाजाने ठरवू नये. समासात प्रश्न लिहून कागद परत द्यावा. ‘मे’ या छोट्याशा शब्दाला तर हात लावूच नये. ‘मे रिप्लेस’चे ‘कॅन रिप्लेस’ केले की शक्यतेची खात्री होते, आणि ‘रिप्लेसेस’ केले की तुरटी बाजारातून उठलीच!

विद्यार्थिनीने सांगितले की मोजमाप तिचेच होते आणि संख्याशास्त्रीय कसोटी लावलेली नव्हती, असे धरू. मग गोषवारा असा होतो :

‘टर्बिड सरफेस वॉटर इज अ मेजर प्रॉब्लेम इन रूरल एरियाज. वुई टेस्टेड मोरिंगा सीड पावडर ऑन वॉटर कलेक्टेड फ्रॉम द मुठा रिव्हर. अॅट १०० मिलिग्रॅम पर लिटर टर्बिडिटी फेल फ्रॉम ६० टू ९ युनिट्स इन टू अवर्स, बट वुई सॉ नो रिडक्शन इन सॅम्पल्स दॅट बिगॅन बिलो १० युनिट्स. मोरिंगा सीड पावडर मे रिप्लेस अॅलम.’

हे ५५ शब्द झाले. आता पुन्हा ती मराठी यादी घेऊन एकेक ओळ ताडून पाहावयाची, आणि ही तपासणी मूळ इंग्रजी न वाचलेल्या दुसऱ्या माणसाने केलेली बरी. तो नव्या गोषवाऱ्यावरून स्वतः यादी काढतो. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की गळलेली ओळ दिसते आणि आगंतुक ओळही दिसते. आमच्या अनुभवात गळण्यापेक्षा शिरण्याचेच प्रमाण अधिक असते. ‘वुई सॉ नो रिडक्शन’ हे आम्ही ‘टर्बिडिटी डिड नॉट फॉल’ असे केले नाही, ते याच धास्तीने : घट न दिसणे आणि घट न होणे यांच्यामध्ये मोजयंत्राची अचूकता उभी असते.

कापाकापीने मोकळ्या झालेल्या जागेत लेखिकेच्या वहीतले उपेक्षित आकडे बसू शकतात. समजा, तिने पूड न घातलेले पाणीही मोजले होते आणि ते दोन तासांत ६० वरून ४१ वर आले होते. मग ‘विदाउट पावडर इट फेल ओन्ली टू ४१’ एवढी सात शब्दांची भर घातली की पुडीचा वाटा वाचकाला स्वतःच दिसतो, आणि तिला कर्तेपद देण्याचा प्रश्नही रास्तपणे सुटतो. नमुने किती होते आणि ६० व ९ हे एका नमुन्याचे आकडे की अनेकांची सरासरी, हेही अशाच एका प्रश्नाने कळते.

शेवटचे वाक्य मात्र आमच्या अखत्यारीत सुटत नाही. तिने तुरटीशी तुलना केलेलीच नाही. शिवाय कमी गढूळ पाण्यात पुडीचा परिणाम दिसला नाही, हे तीच आधी सांगते. नमुने शहरातून वाहणाऱ्या नदीचे आणि प्रश्न ग्रामीण भागाचा, ही विसंगतीही आहेच. गुपचूप ‘फॉर टर्बिड वॉटर’ असे तीन शब्द जोडून वाक्य सावरण्याचा मोह होतो. आम्ही ते जोडीत नाही. वाक्य जसेच्या तसे ठेवून समासात लिहितो : ‘तुरटीबरोबर तुलना केली होती का? नसल्यास हे विधान किती गढूळ पाण्यापुरते ठेवावयाचे, ते तुम्ही ठरवा.’ आणि कागद तिच्या हाती परत देतो.