प्रभूच्या मेजापर्यंतची वाट

या पाठासाठी मी नॅन्सी ईस्लँड या अमेरिकन लेखिकेचे १९९४ सालचे ‘द डिसेबल्ड गॉड’ हे पुस्तक घेतले आहे. जन्मतः हाडांचा विकार असल्याने त्या कुबड्या किंवा चाकाची खुर्ची वापरत. प्रभुभोजनाच्या वेळी सगळे पुढे जाऊन गुडघे टेकत. त्यांना मात्र अनेकदा सांगितले जाई की तुम्ही जागेवरच बसा, सर्वांचे झाल्यावर तुम्हाला देऊ. हेतू दयेचा असे. पण जे सर्वांनी मिळून घ्यायचे, ते त्या एकट्याने घेत.

लेवीय २१ मध्ये व्यंग असलेल्या याजकाला वेदीजवळ जाण्यास मनाई आहे, हे खरे. पण बाविसाव्या वचनात त्याला पवित्र अन्न खाण्याची मोकळीक आहे. मनाई वेदीच्या सेवेची आहे, भोजनाची नाही.

पुढे लूक २४ मध्ये पुनरुत्थित प्रभू शिष्यांना आपले हातपाय दाखवतो. नॅन्सीबाईंचे म्हणणे असे, की गौरवी शरीरावरही घाव राहिले. मग व्यंग ही पापाची खूण कशी म्हणावी?

म्हणून मला वाटते, एकालाही पायऱ्या चढता येत नसतील, तर मेज खाली आणावे आणि सर्वांनी तेथेच, एकाच वेळी भाकर घ्यावी.