बांद्याच्या दगडापाशी उतार किती?

बांद्यात अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. ‘मॉड एक्सला शून्यापाशी डेरिव्हेटिव्ह नाही’ हे वाक्य मुलं लगेच पाठ करतात. का नाही, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर असतं, ‘तिथे टोक आहे म्हणून.’ हे उत्तर मला कधीच पुरेसं वाटलं नाही. त्याच्या मागे लागून जे हाती आलं, ते इथे लिहितो.

१. शून्य कुठे मांडायचं ते आधी ठरवा

फळ्यावरचं इंग्रजी व्ही अक्षर मुलांना काही सांगत नाही, रस्ता सांगतो. सावंतवाडीहून इन्सुलीचा घाट उतरून बांद्याकडे येताना कडेच्या दगडांवर बांद्याचा आकडा कमी कमी होत जातो. गोव्याकडून, पत्रादेवी ओलांडून येणाऱ्यालाही दगडाच्या त्याला दिसणाऱ्या अंगावर बांद्याचा आकडा कमी होत गेलेला दिसतो. बांद्यातला एक दगड शून्य धरू. गोव्याच्या दिशेला x धन, सावंतवाडीच्या दिशेला ऋण. मग रस्त्याने मोजलेलं बांद्यापासूनचं अंतर म्हणजे |x|. रस्त्याला वळणं किती आहेत याने काही बिघडत नाही, कारण मोजतोय ते रस्त्यावरूनच.

आता सावंतवाडीहून गोव्याकडे सलग जाणारी गाडी डोळ्यांसमोर आणा. दर किलोमीटरला बांद्यापासूनचं अंतर किती बदलतं? बांद्याच्या अलीकडे ते एका किलोमीटरने घटतं, म्हणून दर −१. बांद्याच्या पलीकडे एका किलोमीटरने वाढतं, दर +१. अंतर स्वतः कुठेही उडी मारत नाही. एक, अर्धा, पाव, शून्य, पाव, अर्धा असं ते अखंड चालतं. उडी मारतो तो दर, आणि ती बरोबर बांद्याच्या दगडापाशी. फलन अखंड असूनही त्याला एखाद्या बिंदूपाशी विकलज नसू शकतो, हे मुलांना इथे आकड्यांतूनच दिसतं.

२. सगळी गफलत एका वजाच्या चिन्हात होते

विकलज म्हणजे फरकांच्या भागाकाराची सीमा. शून्यापासून h इतकं सरकायचं, फलन कितीने बदललं ते पाहायचं आणि त्या बदलाला h ने भागायचं. इथे भागाकार येतो (|h| − |०|)/h, म्हणजे |h|/h. नंतर h शून्याकडे न्यायचा. अट एवढीच की h दोन्ही बाजूंनी शून्याकडे आला तरी उत्तर एकच निघालं पाहिजे.

उजवीकडून काही अडत नाही. h धन, |h| म्हणजे h, भागाकार १. डावीकडे मात्र वर्गातली निम्मी मुलं अडखळतात. h ऋण असेल तर |h| = −h, हे त्यांना पटत नाही. एकदा एका मुलीने उभं राहून सरळ विचारलं, “सर, −h म्हणजे ता मायनसच झाला मां? मग मॉड मायनस कसो येयत?”

तिची शंका रास्त होती. −h मध्ये वजाचं चिन्ह दिसतं म्हणून ती संख्या ऋण आहे असं डोळ्याला वाटतं. तेव्हापासून मी अक्षर बाजूला ठेवून आधी आकडे घालायला लावतो. h = −०.१ घ्या. |h| = ०.१. भागाकार ०.१/(−०.१) = −१. h = −०.०१ घ्या, पुन्हा −१. h = −०.००१, पुन्हा −१. उजवीकडे ०.१, ०.०१, ०.००१ यांना दर वेळी +१.

या आकड्यांत एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. हे भागाकार −१ किंवा +१ च्या जवळ सरकत नाहीत, ते पहिल्यापासून तिथेच आहेत. x² चं शून्यापाशी हेच करून पाहा. भागाकार h²/h म्हणजे h. डावीकडे −०.१, −०.०१, उजवीकडे ०.१, ०.०१. दोन्हीकडचे आकडे एकमेकांकडे येतात आणि शून्यात भेटतात. |x| चे भागाकार h कितीही लहान केला तरी एकमेकांपासून दोनच्या अंतरावर उभे राहतात. डावा विकलज आहे, −१. उजवा विकलज आहे, +१. नाही ते दोघांचं एकमत, म्हणून विकलज नाही. टोकाची गोष्ट सांगण्याऐवजी मी मुलांना हे दोन आकडे लिहायला सांगतो.

३. मधलं शून्य घेऊ नका

ही चूक मी स्वतः केली आहे. सुरुवातीच्या काळात उतार काढायचा एक छोटा प्रोग्राम मी लिहिला होता. बिंदूच्या जरा मागे आणि तितकंच पुढे अशा दोन जागा घ्यायच्या, फलनातल्या फरकाला त्या दोहोंमधल्या अंतराने भागायचं. नेहमीच्या फलनांसाठी ही रीत चांगली चालते, काही सायंटिफिक कॅल्क्युलेटरही हीच वापरतात. |x| ला शून्यापाशी तिने उत्तर दिलं शून्य. मी ते वर्गात सांगितलं, वर असंही म्हणालो की −१ आणि +१ ची सरासरी शून्यच येते, म्हणजे तिथे उतार सरासरीने शून्य आहे. एका पूर्ण तुकडीने ते वहीत उतरवून घेतलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

ते शून्य फलनातून आलेलं नव्हतं, मी निवडलेल्या जागांतून आलं होतं. मागे h आणि पुढे h घेतलं की (|h| − |−h|)/२h, वरचे दोघे एकमेकांना खातात. आता जागा बदलू. मागे h, पण पुढे २h. फरक २h − h = h, मधलं अंतर ३h, भागाकार १/३. उलट करा, मागे २h आणि पुढे h, की −१/३. मागचं-पुढचं प्रमाण बदलत गेलं तर −१ आणि +१ यांच्यामधली हवी ती संख्या काढून दाखवता येते. मग त्यातल्या शून्यालाच मान का द्यायचा?

x² ला हीच परीक्षा द्या. मागे h, पुढे २h. फरक ४h² − h² = ३h², अंतर ३h, भागाकार h, आणि तो शून्याकडेच जातो. खरा विकलज जिथे असतो तिथे बिंदू मध्ये धरून जागा कशाही निवडल्या तरी उत्तर हलत नाही. यंत्राने दिलेल्या उताराबद्दल शंका आली तर दोन्हीकडची पावलं असमान करून पाहायची सवय मला या चुकीने लावली.

याच शून्यामुळे आणखी एक घोटाळा होतो. |x| ची सगळ्यांत लहान किंमत शून्यापाशी आहे, आणि ‘लघुतम किंमत असते तिथे विकलज शून्य’ हे मुलांनी पाठ केलेलं असतं. त्या नियमात ‘विकलज अस्तित्वात असेल तर’ अशी अट आहे. पाठ करताना तीच गळते.

४. दगड रस्त्यात नसतो

ही शंका मागच्या बाकावरून आली. “सर, दगड रस्त्यार खंय आसा? तो बाजूक आसा.”

मी त्या दिवशीचा पुढचा धडा सोडून दिला. मुलगा म्हणत होता ते अगदी खरं होतं. समजा रस्ता दगडाजवळ सरळ आहे आणि दगड गाडीच्या रेषेपासून ३ मीटर बाजूला आहे. आता रस्त्याने न मोजता दगडापासूनचं सरळ अंतर मोजू. x मीटरमध्ये घेतला तर पायथागोरसने ते येतं √(x² + ९). याचा दर x/√(x² + ९). ३० मीटर अलीकडे तो −०.९९५ आहे, जवळजवळ −१. ३ मीटर अलीकडे −०.७०७. दगडाच्या बरोबर समोर शून्य. ३ मीटर पलीकडे +०.७०७, ३० मीटर पलीकडे पुन्हा जवळजवळ +१. दर इथेही −१ कडून +१ कडे जातो, पण उडी न मारता, काही मीटरांच्या पट्ट्यात वळत वळत. म्हणून या फलनाला शून्यापाशी विकलज आहे आणि तो खरोखर शून्य आहे.

किलोमीटरच्या मापाने आलेख काढला तर दोन्ही फलनं सारखीच दिसतील, दोघांनाही टोक दिसेल. फरक कळायला जवळ जावं लागतं. √(x² + ९) चा आलेख शून्यापाशी मोठा करत गेलात तर टोक गोल होतं आणि शेवटी आडव्या रेषेसारखं दिसतं. |x| चा आलेख हजारपट मोठा करा, लाखपट करा, कोन होता तसाच काटकोन राहतो. बाजूचं अंतर ३ मीटरवरून १ मीटर, मग १ सेंटिमीटर केलं की दर वळण्याचा पट्टा आखूड होत जातो, पण विकलज टिकतो. तो जातो ते अंतर शून्य झाल्यावर, गाडीची रेषा दगडातूनच गेल्यावर.

५. सूत्र अडलं म्हणजे विकलज नाही, असं नव्हे

शून्य सोडून इतरत्र |x| चा विकलज x/|x|. त्यात शून्य घातलं की ०/० येतं, आणि कित्येक जण तेवढ्यावरच ‘विकलज नाही’ असं लिहून मोकळे होतात. उत्तर बरोबर, कारण चूक. x|x| घ्या. गुणाकाराच्या नियमात |x| चा विकलज लागतो, म्हणून शून्यापाशी नियम अडतो. पण थेट भागाकार करा: h|h|/h = |h|, आणि तो दोन्हीकडून शून्याकडे जातो. विकलज आहे, शून्य आहे. नियम अडला तर पुन्हा भागाकारापाशी यावं. या फलनाचा विकलज सगळीकडे २|x| आहे, म्हणजे दुसरा विकलज काढायला गेलं की शून्यापाशी तोच दगड पुन्हा आडवा येतो.

६. एका टोकावर हे थांबत नाही

हुशार मुलं शेवटी विचारतात, अशी टोकं किती असू शकतात? दर किलोमीटरला दगड असलेला रस्ता घ्या आणि सर्वांत जवळच्या दगडापर्यंतचं अंतर मोजा. करवतीसारखा आलेख येतो. प्रत्येक दगडापाशी एक टोक, आणि दोन दगडांच्या बरोबर मध्ये उलटं टोक. आता दर अर्ध्या किलोमीटरला दगड घालून हेच अंतर काढा, मग दर पाव किलोमीटरला, आणि अशा सगळ्या करवती एकावर एक बेरजेत मांडत जा. प्रत्येक नवी करवत आधीचीच निम्म्या आकाराची असते, म्हणून बेरीज कुठेही तुटत नाही. ही रचना जपानी गणिती तेइजी ताकागी यांनी १९०३ साली मांडली. आलेख पूर्ण अखंड आहे, आणि त्याला एकाही बिंदूपाशी विकलज नाही. पहिल्या तीन करवती आलेखाच्या कागदावर हाताने काढून त्यांची बेरीज करा. तासाभराचं काम आहे.